चौथं गिऱ्हाईक

इन्स्टाग्रामवरची माझी अठ्ठावीस सेकंदांची एक रील चांगली चालली. तिच्यात फक्त माझे हात दिसतात, आणि वहीच्या पाठीवर साखळीटाका घालत पानांची एकेक घडी जोडली जाते. सुई आधीच्या टाक्याच्या मागून वळसा घेऊन परत येते, तो क्षण मी अगदी जवळून घेतला होता. मी हाताने वही शिवायला शिकवते, आणि त्याचा रेकॉर्ड केलेला कोर्स विकते. पहिल्या चार दिवसांत ही रील ६,४०० खात्यांपर्यंत पोहोचली आणि कोर्सचे चार खरेदीदार मिळाले. मला ३,१०० फॉलोअर आहेत, म्हणजे हा आकडा माझ्यासाठी मोठाच होता.

पाचव्या दिवशी रीलखालचं `Boost` बटण, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं बटण, खुणावायला लागलं. ही पोस्ट तुमच्या इतर पोस्टपेक्षा चांगली चालते आहे, असं अ‍ॅपच सांगत होतं. मी वहीचं एक पान घेतलं आणि हिशेब मांडला. तो हिशेब चुकला, आणि कुठे चुकला ते शोधण्यात पुढचे दोन महिने गेले.

रकमेबद्दल आधी सांगते. माझे खरे आकडे कुणाच्या कामाचे नाहीत, म्हणून बूस्टसाठी माझ्या खात्यातून गेलेली पूर्ण रक्कम १००० धरा आणि बाकी सगळं त्या प्रमाणात. त्या मापाने कोर्सची किंमत ३००. त्यातून पेमेंटचं शुल्क आणि कोर्स ठेवलेल्या साइटचा वाटा जाऊन २७० उरतात. आजवरच्या अनुभवात अठरांत एकजण पैसे परत मागतो, तेही धरलं की एका विक्रीमागे खरे हातात येतात २५५. व्हिडिओ एकदा करून झालेला असल्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायला वेगळा खर्च नाही. म्हणजे १००० सुटायला चार गिऱ्हाइकं हवीत, कारण तीन विक्रींचे ७६५ होतात आणि चारचे १,०२०. हा चाराचा आकडा मी पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती गोल काढला.

पुढचं गणित सोपं वाटलं. ६,४०० लोकांत चार विक्री, म्हणजे १,६०० मागे एक. अ‍ॅपने अंदाज दिला होता की या रकमेत सात हजारांपासून अठरा हजारांपर्यंत खाती मिळतील. मी सावधपणे नऊ हजार धरले. नऊ हजारांत पाच-सहा गिऱ्हाइकं, म्हणजे चौदाशेच्या आसपास. हजार घालून चौदाशे. बटण दाबलं.

(त्याआधी एक अडचण झालीच. ज्या दुसऱ्या एका रीलवर मला खरं तर पैसे लावायचे होते, तिच्यावर लायब्ररीतलं गाणं होतं, आणि हक्क असलेल्या संगीतामुळे ती बूस्ट करता आली नाही. गाणं काढून ती पुन्हा टाकायची तर तिचे लाइक, कमेंट, पोहोच सगळं शून्यावर. तेव्हापासून ज्या रीलवर कधीतरी पैसे लावायचा विचार असेल, तिच्यावर मी कागद आणि दोऱ्याचाच आवाज ठेवते.)

उद्दिष्ट निवडताना मी वेबसाइटवरच्या भेटी निवडल्या. हे महत्त्वाचं आहे, कारण `Results` या शब्दाचा अर्थ त्या निवडीनुसार बदलतो. प्रोफाइल भेटी निवडल्या तर रिझल्ट म्हणजे प्रोफाइल उघडणं, मेसेज निवडले तर सुरू झालेलं संभाषण. दोन बूस्टच्या `Cost per result` ची तुलना करायची तर आधी दोन्हींचं उद्दिष्ट एकच होतं का, ते बघावं लागतं. शिवाय यंत्रणा तुम्ही मागाल तेच शोधून देते. स्वस्तात प्रोफाइल उघडणारी माणसं वेगळी असतात, आणि पुढे पैसे देणारी बहुधा वेगळी.

दुसरं एक काम मी आधीच केलं, आणि त्यामुळेच पुढचा सगळा तपास शक्य झाला. बूस्टच्या बटणाला मी वेगळी लिंक दिली आणि प्रोफाइलमध्ये वेगळी ठेवली. दोन्ही एकाच पानावर जातात, फक्त शेपूट वेगळं:

```
?utm_source=instagram&utm_medium=boost&utm_campaign=sakhali
?utm_source=instagram&utm_medium=bio&utm_campaign=sakhali
```

आणि बूस्टच्या लिंकवरून आलेल्यांनाच पानावर एक छोटा कूपन कोड दिसेल अशी सोय केली. लिंकचं शेपूट आजच्या भेटीपुरतं टिकतं. माणूस तीन आठवड्यांनी थेट साइटवर येऊन खरेदी करतो तेव्हा ते गळून गेलेलं असतं. कोड मात्र त्याने कुठेतरी टिपून ठेवलेला असतो.

बूस्ट पाच दिवस चालला. शेवटी पडद्यावर आकडे असे होते: जाहिरातीतून पोहोच ९,२००, रिझल्ट १८४, प्रत्येक रिझल्टचा खर्च ४.८९.

इथेच पहिली फट दिसली. १८४ ला ४.८९ ने गुणलं की ९०० येतात, पण खात्यातून तर हजार गेले होते. वरचे शंभर कर आणि शुल्काचे. ते रिझल्टच्या हिशेबात धरलेलेच नव्हते. म्हणजे माझ्यासाठी एका क्लिकची किंमत ५.४३ होती. फरक फार मोठा नाही, पण तो नेहमी एकाच बाजूला जातो, म्हणून आता मी भागाकार बँकेच्या नोंदीवरूनच करते.

दुसरी फट मोठी निघाली. अ‍ॅप म्हणतं १८४ जणांनी लिंक दाबली. माझ्या साइटचा काउंटर म्हणतो बूस्टच्या लिंकवरून १२१ वेळा पान उघडलं. अशा दोन मोजण्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. काहींच्या ब्राउझरमध्ये मोजणी बंद केलेली असते, काहींचा अंगठा चुकून लागतो आणि ते लगेच परत फिरतात. पण तिसरा हिस्सा गायब होणं काही त्यात बसत नव्हतं, कारण प्रोफाइलच्या लिंकवरून अ‍ॅपने ५८ क्लिक दाखवले होते आणि पान ५२ वेळा उघडलं होतं. शेवटी मी स्वतःच्या फोनवर, कमकुवत नेटवर्कवर ती जाहिरातीची लिंक उघडून पाहिली. पांढरा पडदा, आणि मी सेकंद मोजत बसलेली. पानाच्या माथ्यावर मी वहीचा एक सुरेख फोटो लावला होता, चार एमबीचा. ओळखीची माणसं तेवढा वेळ थांबली होती. अनोळखी माणूस कशाला थांबेल? उघडलेल्या पानांवर भाग घातला, तर एका खऱ्या भेटीची किंमत ८.२६ झाली.

आणि विक्री? बूस्टच्या आठवड्यात दोन, आणि तेविसाव्या दिवशी कोड वापरून आणखी एक. ही तिसरी कोडमुळेच कळली. अ‍ॅपच्या जाहिरात अहवालात साधारणपणे क्लिकनंतरच्या सात दिवसांतली खरेदी जाहिरातीच्या नावावर जाते, त्याच्या बाहेरची नाही. मी पंचेचाळीस दिवसांची मुदत ठरवली होती, कारण माझ्या जुन्या नोंदींप्रमाणे पहिल्या भेटीनंतर त्याहून उशिरा खरेदी करणारा क्वचितच असतो. पंचेचाळीस दिवसांत तीन. ७६५. हजार सुटले नाहीत.

एवढ्यावर सोडलं असतं तर "बूस्ट महाग पडला" असं म्हणून मोकळी झाले असते. पण मला छळत होता तो अंदाज. पाच-सहा येतील असं कशावरून म्हटलं होतं मी?

ऑरगॅनिक, म्हणजे पैसे न लावता मिळालेली पोहोच दोन तुकड्यांत उघडून पाहिली तेव्हा उत्तर सापडलं. त्या ६,४०० पैकी १,९०० माझे फॉलोअर होते आणि ४,५०० अनोळखी. चार खरेदीदार हाताने तपासता येतात, आणि मी तपासले. ऑर्डरच्या अर्जात "कसं कळलं?" असा एक रकाना आहे, आणि ईमेलवरून बहुतेकांचं खातं ओळखता येतं. चारपैकी तीन फॉलोअर निघाले. त्यातले दोघे वर्षभर माझे व्हिडिओ बघत होते. त्या रीलने त्यांना फक्त शेवटचा धक्का दिला. अनोळखी ४,५०० मधून आली होती एकच विक्री.

बूस्ट मात्र जवळजवळ पूर्णपणे अनोळखी लोकांना दाखवला जातो. म्हणजे मी माझ्या जुन्या माणसांच्या ओढीचा दर काढला आणि तो परक्यांना लावला. १,६०० मागे एक हा दर ९,२०० अनोळखी माणसांना लागूच होत नव्हता. लावायचा तर ४,५०० मागे एक.

एका विक्रीवरून दर ठरवणं म्हणजे एका शितावरून भाताचं पातेलं किती मोठं ते सांगण्यासारखं, म्हणून मागच्या सहा रील घेतल्या. सगळ्यांची मिळून अनोळखी पोहोच २१,०००, त्यातून विक्री पाच. ४,२०० मागे एक. या दराने ९,२०० मागे येतात दोन, सव्वादोन. बूस्टच्या आधी हे पाच मिनिटांचं काम केलं असतं तर चार सुटणार नाहीत हे पानावरच दिसलं असतं.

आणि मग बूस्टमधून आलेल्या तिघांतल्या पहिल्या बाईंचा मेल. पैसे भरल्यावर त्यांनी लिहिलं होतं, "मागच्या महिन्यात मी तुम्हाला मेण लावलेल्या दोऱ्याबद्दल विचारलं होतं, आठवतं का?" मला आठवत होतं. त्यांना मी कोर्सची लिंकही तेव्हाच पाठवली होती. बूस्ट नसता तरी त्या आल्या असत्या का? शपथेवर नाही सांगता येणार, पण बूस्टने त्यांना आणलं असंही मी म्हणू शकत नाही. माझा नियम आता असा आहे: ज्याचा ईमेल, मेसेज किंवा नाव बूस्टच्या तारखेआधी माझ्याकडे आहे, तो बूस्टच्या खात्यात धरायचा नाही. नियम थोडा कडक आहे, पण त्यात स्वतःची समजूत घालायला जागा राहत नाही. तीनातून एक वजा, उरले दोन. ५१०. हजार घालून निम्मे परत.

आणखी एक वजाबाकी करता येईल का, ते तपासलं. बूस्ट चालू असताना रीलची स्वतःची ऑरगॅनिक वाढ थांबते, अशी तक्रार खूप ऐकू येते. माझ्या जुन्या सहा रीलमध्ये पहिल्या चार दिवसांत जेवढी पोहोच मिळाली, तिच्या साधारण पाव पट पुढच्या पाच दिवसांत मिळाली होती. त्या हिशेबाने इथे १,६०० नवी खाती यायला हवी होती. आली १,१५०. साडेचारशेचा तोटा लिहून टाकायला हात शिवशिवला. पण त्या सहा रीलमध्ये हे प्रमाण ०.१६ पासून ०.३७ पर्यंत हललं होतं, म्हणजे १,०२४ पासून २,३६८ पर्यंत काहीही माझ्यासाठी नेहमीचंच. १,१५० त्याच्या आतच बसतो. म्हणून त्या रकान्यात मी काहीच लिहिलं नाही. एका रीलवरून हे सिद्ध होत नाही, आणि नाकारताही येत नाही.

पोहोचीची बेरीज मात्र जपून करावी लागते. ऑरगॅनिक ७,५५० आणि जाहिरातीची ९,२०० मिळून १६,७५० होतात, पण अ‍ॅप एकूण १५,९०० दाखवत होतं. पोहोच म्हणजे वेगवेगळी खाती. ज्या ८५० खात्यांनी रील दोन्हीकडून पाहिली ती बेरजेत दोनदा आली. बूस्टने खऱ्या अर्थाने नवीन आणलेली खाती ८,३५०. हजार पोहोचीचा दर काढताना लोक हा फरक सोडून देतात.

दुसऱ्या खेपेला मी रील निवडण्याची रीतच बदलली. सगळ्यांत जास्त पोहोचलेली रील न घेता, पोहोचीच्या मानाने सगळ्यांत जास्त पानं उघडवणारी रील शोधली. साखळीटाक्याच्या रीलमध्ये ६,४०० मागे ५२ भेटी होत्या, हजारी आठ. यादीत खाली एक जरा कंटाळवाणी रील सापडली, एक्केचाळीस सेकंदांची. तिच्यात मी एक सैल पाठीची वही उलगडून दाखवते की टाका ओढताना दोरा पानाच्या दिशेने न ओढता घडीला समांतर ओढला असता तर भोक फाटलं नसतं. पोहोच जेमतेम २,३०० होती, पण भेटी ३८, हजारी साडेसोळा. जरा विचार केल्यावर कारण कळलं. साखळीटाका बघायला सगळ्यांनाच आवडतो. फाटलेल्या भोकाचा व्हिडिओ शेवटपर्यंत तोच बघतो, ज्याने स्वतः वही शिवून पाहिली आहे आणि जो वैतागलेला आहे.

हा बूस्ट मी अ‍ॅपमधल्या बटणावरून न करता जाहिरातींच्या पूर्ण पॅनेलवरून लावला, कारण तिथे आधीच संपर्कात आलेली खाती वगळता येतात. माथ्यावरचा फोटोही लहान करून टाकला. रक्कम तीच, दिवस तेवढेच.

आकडे आले ते पहिल्या नजरेला निराशाजनक होते. पोहोच ६,१००. क्लिक १३९. खात्यातून गेलेल्या हजारावर एका क्लिकची किंमत ७.१९, म्हणजे आधीपेक्षा बत्तीस टक्के महाग. फक्त `Cost per result` बघणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी हा बूस्ट बंद केला असता, आणि खरं सांगते, माझंही बोट त्या बटणापर्यंत गेलं होतं. पण पान मात्र ११८ वेळा उघडलं होतं, कारण आता ते पटकन उघडत होतं. एका भेटीची किंमत ८.४७, जवळजवळ पहिल्याइतकीच.

पुढे काय झालं ते विक्रीच्या यादीत दिसलं. पंचेचाळीस दिवसांत सहा. त्यातला एक जुना ओळखीचा, तो वगळला. पॅनेलवरून वगळूनही तो कसा आला? त्याचं खातं दुसऱ्याच ईमेलवर होतं. असं होतं. पाच उरले, म्हणजे १,२७५. चौथं गिऱ्हाईक एकोणिसाव्या दिवशी आलं. त्या रात्री मी वहीतल्या गोलावर बरोबरची खूण केली. पैसे सुटायला एकोणीस दिवस, असं मी लिहून ठेवलं, कारण ते एकोणीस दिवस माझे हजार अडकून होते आणि पुढचा बूस्ट कधी लावायचा ते त्यावरच ठरतं.

फोटो लहान करणं आणि रील बदलणं, दोन्ही मी एकाच वेळी केलं. शिकलेला माणूस असं करत नाही. पण एक गोष्ट वेगळी काढता येते. फोटोमुळे पान उघडणाऱ्यांची संख्या बदलेल. उघडल्यानंतर घेणाऱ्यांचं प्रमाण त्याने सहसा बदलू नये. पहिल्यात १२१ मागे दोन, दुसऱ्यात ११८ मागे पाच. हा फरक बहुधा रीलने कोणाला आणलं याचा असावा.

बहुधा म्हणते, कारण पाच आणि दोन हे फारच लहान आकडे आहेत. एखाद्या बूस्टची खरी सरासरी चार विक्रींची असली, तरी नुसत्या योगायोगाने जवळपास चारांत एकदा दोन किंवा त्याहून कमी येतील, आणि पाचांत एकदा सहा किंवा जास्त. तोच बूस्ट, तीच रील, आणि एकदा मी रडले असते तर एकदा मिठाई वाटली असती. लहान रकमेच्या बूस्टवर "पैसे सुटले" किंवा "बुडाले" हा निकाल एका गिऱ्हाइकाच्या इकडे-तिकडे असतो. म्हणूनच मला फाटलेल्या भोकाची रील पुन्हा एकदा लावून पाहायची होती.

लावली. पुन्हा हजार ठरवले, पण चौथ्या दिवशी सहाशेवर थांबवले. एकाच खात्याला ती सरासरी २.४ वेळा दिसली होती, आणि भेटीची किंमत ११.३ वर गेली होती. ५३ भेटी झाल्या. वही शिवून वैतागलेल्यांचा त्या पॅनेलला सापडणारा घोळका तेवढाच असावा, आणि त्यांनी रील एकदा पाहून काय ते ठरवलं होतं.

त्या सहाशेतून आत्तापर्यंत एक विक्री आली आहे. दोन्ही खेपा एकत्र केल्या तर या रीलवर गेले १,६००, आणि सहा गिऱ्हाइकांचे आले १,५३०. सत्तर कमी. मुदतीचे अजून सोळा दिवस बाकी आहेत, आणि काल कोणीतरी त्या कोडसह पैसे भरण्याच्या पानापर्यंत येऊन परत गेलं आहे.